नाव झाकलं, ओळख उरली



अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो अहवाल छापून तुमच्या पिशवीत दिला आहे. तोच पुन्हा वाचून तुमच्या जेवणाला उशीर करत नाही. त्याच पिशवीत एक मसुदा आहे. मनोविकार विभागातल्या शिक्षकांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सोशल मीडियावर कुठे थांबावं, हे त्यात लिहिलं आहे. उद्या सकाळी त्यावर चर्चा आहे. त्यातली काही कलमं आज दाखल्यांसकट मांडून ठेवतो, म्हणजे उद्या भांडायला सोपं जाईल.

असा मसुदा विभागाने का करायचा, वर नियम नाहीत का, असं कुणी विचारेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2 ऑगस्ट 2023 रोजी डॉक्टरांच्या आचरणाचे नवे नियम काढले. सोशल मीडियावर त्यात स्वतंत्र मार्गदर्शन होतं: रुग्णांचे फोटो टाकू नका, त्यांच्याकडून कौतुकाचे शब्द मागू नका, लाइक विकत घेऊ नका, जाहीर पोस्टखाली उपचार सांगू नका. तीनच आठवड्यांनी, 23 ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले आणि आपण 2002 च्या नियमांवर परत आलो. 2002 साली फेसबुकसुद्धा नव्हतं. त्या नियमांनुसार, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस रिपोर्ट परवानगीविना छापता येत नाही. ओळख उघड होणार नसेल तर परवानगी लागत नाही. आता ओळख उघड होणार नाही हे ठरवायचं कुणी? व्यवहारात ते पोस्ट लिहिणाराच ठरवतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

आपल्याला मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चाही धाक आहे. कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं. कलम 24 सांगतं की उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही, आणि हीच गोपनीयता डिजिटल स्वरूपात साठवलेल्या सगळ्या माहितीलाही लागू आहे. एखाद्या रेसिडेंटचं इन्स्टाग्राम खातं म्हणजे ‘माध्यम’ होय की नाही, यावर वकील खुशाल वाद घालोत. त्या दुसऱ्या भागातून सुटका नाही. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण रात्रपाळीवरच्या मुलीने अमुक पोस्ट टाकावी की नाही, हे कायदा तिला त्या क्षणी सांगत नाही. ते सांगणं विभागाचं काम.

आपण गिरगावात जमलो आहोत. इथून चालत जाण्याच्या अंतरावर खोताची वाडी आहे. लाकडी गॅलऱ्या, घराबाहेरून वर चढणारे जिने, दारात क्रॉस असलेली ईस्ट इंडियन कुटुंबांची घरं, शेजारी पाठारे प्रभूंची जुनी वस्ती. एके काळी साठहून अधिक असलेले बंगले आता तीसच्या आसपास उरले आहेत, आणि बाकीच्यांच्या जागी काय उभं राहिलं ते मान वर केली की दिसतं. वाडी फोटोत सुंदर येते, म्हणून रोज कुणी ना कुणी मोबाइल घेऊन तिथे फिरत असतं. मी पहिला दाखला या वाडीत घडवतो. बाई, आजार, घटना सगळं माझ्या कल्पनेतलं आहे. कुठल्याही रुग्णावरून घेतलेलं नाही. तसं का, ते पुढे सांगतो.

समजा, एका रेसिडेंटने ओपीडी संपल्यावर पोस्ट लिहिली. मजकूर असा: ‘आज एक बाई आल्या. साठीच्या, एकट्या, घरी मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या. गिरगावातल्या एका जुन्या वाडीत वडिलोपार्जित घर. भावाला घर बिल्डरला द्यायचंय, यांना नाही. वर्षभर यांना वाटतंय की शेजारी भिंतीपलीकडून यांच्याबद्दल बोलतात. मला त्यांच्यात माझी आजी दिसली. घर जाण्याची भीती माणसाला कुठे नेते!’ सोबत वाडीतल्या एका गॅलरीचा, इंटरनेटवरून घेतलेला फोटो. नाव नाही, हॉस्पिटल नाही, निदान नाही. मजकुरात माया आहे. शेकडो लोकांना पोस्ट आवडली.

आता मोजूया. गिरगावातली जुनी वाडी, आणि वर गॅलरीचा फोटो: तीस घरं. त्यांत एकटी राहणारी साठीची बाई: चार-पाच. त्यांत शिकवण्या घेणारी: एक, फार तर दोन. घरावरून भावाशी वाद म्हटल्यावर गणित संपलं. हॉस्पिटलचं नाव पोस्टमध्ये नसलं तरी लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर आहे, आणि ओपीडीचा वार पोस्टच्या तारखेत आहे. पुण्यातल्या किंवा नागपूरच्या वाचकाला यातून काहीच कळणार नाही, आणि रेसिडेंटने तोच वाचक डोळ्यांपुढे ठेवला होता. पण शिकवणीला येणाऱ्या मुलाच्या आईला पहिल्या तीन ओळींत कळेल. भावाच्या वकिलालाही कळेल. बहिणीला मानसिक आजार आहे हे त्याला कोर्टात फार उपयोगी पडेल.

यापेक्षा वाईट गोष्ट आपल्या शाखेतच होऊ शकते. शेजारी माझ्याबद्दल बोलतात, हा बाईंचा संशय होता. ती पोस्ट वाडीच्या ग्रुपवर फिरल्यावर शेजारी खरोखरच त्यांच्याबद्दल बोलू लागले. आजाराने रचलेलं आपण खरं करून दाखवलं. त्यांच्या समजुतीला हळूहळू वळण देण्याचं काम आता कुठल्या तोंडाने करणार? ज्या खोलीत त्यांनी हे सांगितलं त्याच खोलीतून ते बाहेर गेलं आहे. हे झालं की रुग्ण तक्रार करत नाही. तो पुढच्या तारखेला येत नाही, किंवा येतो आणि ‘आता आवाज येत नाहीत, गोळी बंद करा’ असं म्हणतो. आपण केस पेपरवर ‘सुधारणा’ लिहितो. पोस्टनंतर अचानक आलेली अशी सुधारणा दिसली, तर शंका घ्या.

म्हणून मसुद्याचं पहिलं कलम असं आहे: ‘उपचार करणाऱ्या चमूतील कोणीही आपल्या रुग्णाचा प्रसंग, नाव असो वा नसो, सोशल मीडियावर लिहू नये. रुग्णाची संमती असली तरी लिहू नये.’ उत्तरार्धावर बरीच नाराजी आहे, ती मला ठाऊक आहे. संमती असेल तर आड का यावं? कारण आपल्याकडची संमती साधी नसते. जो डॉक्टर गोळ्या देतो, डिस्चार्ज ठरवतो, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर सही करतो, तोच ‘तुमच्यावर लिहू का?’ म्हणून विचारतो. उन्मादाच्या लाटेत असलेला रुग्ण ‘माझा फोटोही टाका’ म्हणेल आणि दोन महिन्यांनी शरमेने खचेल. दिलेली संमती मागे घेता येते, पण लोकांनी काढलेले स्क्रीनशॉट मागे घेता येत नाहीत. नियतकालिकातल्या केस रिपोर्टला हे कलम लागू नाही. तिथे लेखी संमती, संपादक, परीक्षक असा वेळ जातो, आणि तो वेळच रुग्णाचं रक्षण करतो.

मग शिकवायचं कसं? जनजागृतीचं काय? त्यासाठी दुसरं कलम आहे: दाखला पूर्णपणे रचावा, आणि तो रचलेला आहे हे सांगावं. दोन रुग्णांचे तपशील मिसळून तिसरा तयार करणं पुरेसं नाही. त्या दोघांपैकी प्रत्येकाला आपला अर्धा भाग ओळखू येतो, आणि उरलेलं अर्धं डॉक्टरांनी आपल्याबद्दल खोटं लिहिलं असं वाटतं. लिहून झाल्यावर तीन माणसं डोळ्यांपुढे आणा: रुग्ण स्वतः, त्याच्या जिन्यावरचा शेजारी आणि वॉर्डातली सिस्टर. तिघांपैकी एकालाही ‘हा तो’ असं वाटण्याची शक्यता असेल तर मजकूर खोडा. अनोळखी वाचक या परीक्षेत धरायचाच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय, हा खरा रोजचा प्रश्न. युनिटचा ग्रुप नाही असा विभाग मला दाखवा. रात्री दोनला कॅज्युअल्टीत रुग्ण येतो, नवखा रेसिडेंट केस पेपरचा फोटो काढतो, सीनियरला टाकतो, ‘सर, अ‍ॅडमिट करू?’ हे बंद करा म्हणणारा नियम पहिल्याच रात्री मोडेल, आणि मोडलेल्या नियमाखाली बाकीचे नियमही कुणी पाळणार नाही. म्हणून मसुदा त्यावर बंदी घालत नाही. फोटोपेक्षा फोन बरा, हे पहिलं. फोटो टाकायचाच तर नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक बोटाने झाकून मगच काढायचा; खाटेचा क्रमांक पुरतो. रुग्णाच्या चेहऱ्याचा फोटो किंवा वागण्याचा व्हिडिओ ग्रुपवर नाही. स्तब्धतेतल्या रुग्णाची ठेवण दाखवायची असेल तर सीनियरने खाली यावं. त्यासाठीच तो ड्युटीवर आहे. जो निर्णय होईल तो त्याच पाळीत केस पेपरवर, कुणाच्या सल्ल्याने झाला त्यासकट, लिहायचा. ग्रुपवर आपोआप पुसले जाणारे संदेश चोवीस तासांवर लावायचे. हे दोन्ही एकत्र हवं. नुसतं पुसलं तर उद्या कोर्टात दाखवायला काही नाही, आणि नुसतं ठेवलं तर ते प्रत्येकाच्या फोनमध्ये राहतं.

फोनमध्ये राहतं म्हणजे नेमकं कुठे, हे अनेकांनी पाहिलेलं नसतं. ग्रुपवर आलेला फोटो सेटिंग बदललं नसेल तर आपोआप गॅलरीत उतरतो. गॅलरीची प्रत क्लाउडवर जाते. तेच खातं घरच्या टॅबवर उघडं असतं, आणि त्यावर मुलगा कार्टून बघत असतो. म्हणून विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या रेसिडेंटने पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपमधलं आपोआप डाउनलोड बंद करावं, गॅलरीत फोटो दिसण्याचा पर्याय बंद करावा, आणि टर्म संपली की ग्रुपमधून बाहेर पडावं. ग्रुपमध्ये दोन बॅचआधीचे डॉक्टर अजून बसलेले असतात, आणि आपले रुग्ण त्यांचे राहिलेले नसतात. ग्रुपची यादी तपासण्याचं काम मसुद्यात चीफ रेसिडेंटवर नाही, युनिटप्रमुखावर टाकलं आहे.

आता पुन्हा वाडीत जाऊ. गिरगाव, लालबाग, परळ इथे वाढलेल्या डॉक्टरची अडचण परदेशी पुस्तकांत नसते. तिथे लिहिलेलं असतं की रुग्णाची फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारू नये. बरोबर आहे, स्वीकारू नये, आणि पुढच्या भेटीत समोरासमोर कारण सांगावं, म्हणजे त्याला झिडकारल्यासारखं वाटणार नाही. पण ज्या चाळीत तुम्ही जन्मलात तिच्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर तुम्ही आहात, आणि रुग्णही आहे. तुमचं मंडळ काय म्हणून सोडायचं?

दुसरा रचलेला दाखला. मंडळाच्या ग्रुपवर, वर्गणीच्या हिशोबाखाली, एक गृहस्थ लिहितात: ‘डॉक्टर, आमच्या धाकट्याची झोपेची गोळी अर्धी करू का? दिवसभर पेंगतो.’ दीडशे माणसं बघताहेत. चांगुलपणाने तुम्ही लिहाल, ‘दादा, खाजगीत बोलतो.’ एवढ्यानेच धाकटा तुमचा रुग्ण असल्याचं तुम्ही मान्य केलंत. ‘मी तुमच्या भावाला तपासत नाही’ असं लिहिलंत तर खोटं बोललात, आणि पुढच्या वेळी गप्प बसाल तेव्हा त्या गप्पपणाचा अर्थ लागेल. ग्रुपवर काहीही लिहायचं नाही. त्या गृहस्थांना लगेच फोन करायचा आणि संदेश सगळ्यांसाठी पुसायला सांगायचं. त्यांना जमत नसेल तर ग्रुपचा अ‍ॅडमिनही तो पुसू शकतो. मग पेंगण्याबद्दल ऐकून घ्यायचं, कारण ती माहिती उपचाराला लागते आणि ऐकण्याला गोपनीयतेची आडकाठी नाही. सांगण्याला आहे. मोठा भाऊ कायद्याने नेमलेला प्रतिनिधी आहे का, धाकट्याने त्याच्याशी बोलायची मुभा दिली आहे का, हे केस पेपरवर पाहून मगच उत्तर द्यायचं. आणि पुढच्या भेटीत धाकट्याला हा सगळा प्रकार सांगायचा. त्याला तो ग्रुपवरून आधीच कळलेला असणार.

याच कारणासाठी रुग्णांना विभागाचा क्रमांक द्यावा, स्वतःचा नाही. रुग्णाचा नंबर तुम्ही साठवलात आणि तुमचा त्याने साठवला की तुमचा स्टेटस त्याला दिसू लागतो. मुलीचा वाढदिवस, अलिबागची सहल, डीपी बदलला, सगळं. तुमच्या फोनमधले क्रमांक अ‍ॅपला उघडे असले तर फेसबुक तुमच्याच रुग्णांना तुमच्या नात्यागोत्यातली माणसं ‘ओळखीचे असतील’ म्हणून सुचवू शकतं. क्रमांकाची परवानगी काढून टाका. कुणी म्हणेल ही फारच बारीक गोष्ट आहे. प्रेमभ्रम असलेला एकच रुग्ण सांभाळलेल्या डॉक्टरला विचारा.

उलट दिशेचाही एक मोह असतो: रुग्णाला शोधण्याचा. हिस्ट्री जुळत नाही, चला त्याचं फेसबुक बघू. मसुदा म्हणतो, शोधण्याआधी ठरवा की सापडलेलं तुम्ही केस पेपरवर लिहाल का आणि रुग्णाला सांगाल का. दोन्हीचं उत्तर ‘हो’ नसेल तर ते कुतूहल आहे, तपासणी नाही. मात्र तुम्ही न शोधता रात्री दीडला समोर आलं की एका रुग्णाने ‘आज शेवटचं’ असं लिहिलं आहे, तर बघितलं नाही असं करता येत नाही. पोस्टखाली काहीही लिहू नका. केस पेपरवरच्या क्रमांकावर फोन करा, सीनियरला उठवा, घरच्यांना गाठा, कुणीच लागलं नाही तर 112. जिवाचा धोका टाळायला जेवढी माहिती लागते तेवढी सांगायला कलम 23 परवानगी देतं. घरच्यांना ‘आत्ता त्याच्याजवळ जा’ एवढं सांगायचं, निदानाचा इतिहास नाही. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक जरूर कळवा, पण तो कळवला म्हणजे आपलं काम झालं असं नाही. मग वेळेसकट लिहून ठेवा.

एक कलम माझ्या आग्रहाने घातलं आहे. न तपासलेल्या माणसाचं निदान जाहीरपणे सांगू नये. 1964 साली अमेरिकेतल्या ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने 12,356 मनोविकारतज्ज्ञांना विचारलं, बॅरी गोल्डवॉटर अध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का? त्यांना न तपासताच 1,189 जणांनी ‘नाही’ म्हणून कळवलं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले, आणि 1973 मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने असं बोलण्यावर नियम केला. आपल्याकडे 2020 च्या जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर वाहिन्यांवर त्यांच्या औषधांची नावं वाचली गेली, निदानं वाटली गेली. न तपासलेले बोललेच, पण उपचारांच्या आतली माहितीही बाहेर आली. याच शहरात. त्यांच्याविषयीच्या अफवा खोडण्यासाठी बोललो, असंही सांगितलं गेलं. हेतू चांगला असेल. पण मृत्यूनंतर रुग्णाचं गुपित उपचार करणाऱ्याच्या मालकीचं होत नाही. वाहिनीचा फोन आला तर रेसिडेंटने एवढंच म्हणावं: ‘त्या व्यक्तीबद्दल बोलणार नाही, आजाराबद्दल विचारत असाल तर सर बोलतील.’ आणि सरांनीही आजाराबद्दलच बोलावं. रुग्णाने गुगलवर एक तारा देऊन शिव्या घातल्या तरी हाच न्याय. ‘तुम्ही गोळ्याच घेतल्या नाहीत’ असं चिडून उत्तर देणारा डॉक्टर शिव्यांपेक्षा मोठं नुकसान स्वतः करून घेतो.

कुणाकडून चूक झालीच, तर काय? पोस्ट त्याच तासात काढायची, युनिटप्रमुखाला सांगायचं, आणि ज्याची ओळख उघडी पडली त्या रुग्णाला विभागाने बोलावून सांगायचं. शेवटचं सगळ्यांना जड जातं. पण त्या बाईंना ग्रुपवरून कळण्याआधी आपल्याकडून कळणं हा त्यांचा हक्क आहे. शिक्षकांनाही हेच कलम लागू आहे, आणि मी मुद्दाम म्हणतो, आधी शिक्षकांना. परिषदेच्या स्लाइडचा फोटो काढून रुग्णाचा व्हिडिओ फिरवणारे बहुधा प्रथम वर्षाचे विद्यार्थी नसतात.

समितीच्या पहिल्या मसुद्यात एक ओळ होती: ‘विभागप्रमुखांच्या परवानगीशिवाय कोणीही विभागाविषयी समाजमाध्यमांवर लिहू नये.’ ती मी खोडायला सांगितली. हॉस्टेलला पाणी नाही, छत्तीस तासांची ड्युटी झाली, विद्यावेतन थकलं, हे रेसिडेंटने लिहायला हरकत नाही, त्यात रुग्ण कुठेही नसेल तर. गोपनीयता रुग्णाची असते. ती हॉस्पिटलची अब्रू झाकण्याचं पांघरूण केली, तर मुलं दोन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतील. समितीतल्या काही सदस्यांना हे अजून मान्य नाही. त्यांचं म्हणणं मसुद्याच्या शेवटच्या पानावर जसंच्या तसं छापलं आहे. उद्या यायच्या आधी ते वाचा, आणि दुरुस्त्या लेखी आणा.